कॉल आणि कुकरच्या मधल्या दोन मिनिटांचा व्यायाम

घरून काम सुरू झालं की माणसाचं चालणं नकळत बंद होतं. स्टेशनपर्यंत भरभर जाणं, पुलाचे जिने, ऑफिसमध्ये कँटीनपर्यंतच्या फेऱ्या, दुपारी खाली टपरीवर चहाला जाणं, यातलं काहीच आपण व्यायाम म्हणून मोजत नव्हतो. पण पाय आणि हृदय यांना दिवसभर थोडंथोडं काम त्यातूनच मिळत होतं. आता पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून ओट्याशी आणि ओट्यापासून परत खुर्चीत, एवढाच प्रवास उरतो. जिमला जायचं तर जाऊन येऊन दीड तास मोडतो. सकाळी डबे आणि शाळा असते, संध्याकाळी परदेशातल्या लोकांचे कॉल सुरू होतात.

अशा दिवसात बसेल अशी एक पद्धत गेल्या काही वर्षांत बऱ्यापैकी तपासली गेली आहे. तिला एक्सरसाइज स्नॅक म्हणतात. अर्ध्या मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंतचे व्यायामाचे तुकडे दिवसभर विखरून करायचे, कपडे बदलायचे नाहीत, घराबाहेरही फारसं पडायचं नाही. पूर्वी सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम धरू नये असा संकेत होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती अट काढून टाकली, त्यामुळे दोन मिनिटांची हालचालही आता हिशेबात धरली जाते.

इथे मी तीनच तुकडे सांगणार आहे, कारण नवख्या माणसाला तीन पुरतात. दम लागण्यासाठी जिना, ताकदीसाठी खुर्ची आणि ओटा, जेवणानंतरच्या साखरेसाठी शतपावली. तिघांची कामं वेगळी आहेत आणि एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही. बरेच जण दर तासाला उठून हात-मान ताणतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. आखडलेल्या मानेला त्याने आराम मिळतो, पण दमही वाढत नाही आणि मांडीत ताकदही येत नाही.

सुरू करण्याआधी

हृदयविकार असेल, जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, रक्तदाब गोळ्या घेऊनही आटोक्यात नसेल, गरोदरपण असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर जिन्याचा तुकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांनीही आधी विचारावं. व्यायामाने साखर आणखी खाली येते आणि या औषधांबरोबर ती गरजेपेक्षा जास्त उतरू शकते. हात थरथरणं, अचानक घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर थांबून साखर तपासायची, आणि दोन-तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज जवळ ठेवायचं.

चढताना छातीत दुखलं, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे सरकलं, चक्कर आली, तर तिथेच पायरीवर बसायचं. घरच्यांना हाक मारायची आणि काही मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ला फोन करायचा. वर घरी पोहोचून मग बघू, असं करायचं नाही.

पहिला तुकडा: जिना

घरात मिळणाऱ्या साधनांपैकी दम वाढवायला जिन्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. सपाटीवर कितीही भरभर चाललं तरी बहुतेकांना एका मिनिटात धाप लागत नाही. जिन्यावर प्रत्येक पावलाला स्वतःचं पूर्ण वजन वर उचलावं लागतं, म्हणून अर्ध्या मिनिटात हृदयाचे ठोके वाढतात. हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढायला नेमका हाच ताण हवा असतो.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये याचा एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. एरवी व्यायाम न करणाऱ्या तरुण मुलामुलींपैकी अर्ध्यांना ६० पायऱ्यांचा जिना जोरात चढायला सांगितला. दिवसातून ३ वेळा, मध्ये १ ते ४ तासांचं अंतर ठेवून, आठवड्यातून ३ दिवस, असं ६ आठवडे. शेवटी त्यांची दमाची क्षमता सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. प्रयोग २४ जणांचाच होता आणि वाढही माफक आहे, ती फुगवून सांगण्यात अर्थ नाही. पण दिवसाकाठी एवढ्या थोड्या वेळात शरीर काही शिकतं, हे त्यातून कळलं. आपल्या इमारतींमध्ये एका मजल्याला साधारण १८ ते २० पायऱ्या असतात, म्हणजे तीन मजल्यांत जवळपास तेवढ्याच.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आधी सावकाश खाली उतरायचं. उतरताना पाय गरम होतात आणि मग चढून थेट घरातच पोहोचता येतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पहिला मजला हळू चढून पुढचे दोन भरभर चढायचे. पाय पूर्ण पायरीवर पडला पाहिजे, टाच हवेत लटकत ठेवायची नाही. कठड्यावर हात हलका ठेवायचा, त्याला धरून अंग ओढायचं नाही. नवख्याने एका वेळी एकच पायरी घ्यावी. दोन-दोन पायऱ्या घेणं दिसायला दमदार असतं, पण गुडघा जास्त वाकतो आणि तोल जाण्याची भीती असते.

वेग किती असावा? घड्याळ किंवा महागडा पट्टा नसला तरी चालतं. वर पोहोचलात की स्वतःचा दहा आकडी मोबाइल नंबर मोठ्याने म्हणून बघा. एका दमात सलग म्हणता आला तर फार सावकाश चढलात. मध्ये एक-दोनदा श्वास घ्यावा लागला तर वेग बरोबर आहे. तीन आकड्यांनंतरच शब्द अडकायला लागले तर पहिल्या महिन्यासाठी ते जास्त आहे, पुढच्या वेळी हळू चढा. दम साधारण दोन-तीन मिनिटांत जागेवर यायला हवा. दहा मिनिटांनीही छाती धडधडत असेल तर जोर चुकला आहे किंवा डॉक्टरांशी बोलायची वेळ आहे.

घरातल्या गुळगुळीत स्लिपर घालून जिना चढू नका. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला, नाहीतर घसरत्या चपलेपेक्षा अनवाणी बरं. पावसाळ्यात छत्र्यांचं पाणी पायऱ्यांवर ठिबकलेलं असतं आणि कडाप्प्याची किंवा घोटीव फरशीची पायरी ओली झाली की काचेसारखी निसरडी होते. त्या दिवशी जिना सोडून घरातला पर्याय घ्या.

घरातला पर्याय म्हणजे जागच्या जागी गुडघे कमरेपर्यंत उचलत एक मिनिट जोरात चालणं. उड्या नकोत, खाली कुणीतरी राहतं. हात जोरात हलवले तर यातही नंबर अडखळतो. बंगल्यात किंवा गावाकडच्या घरात अंगणाची एखादी पक्की पायरी असेल तर तीच मिनिटभर चढ-उतर केली तरी चालेल.

पहिल्या आठवड्यात तीन मजले नकोत. एकच मजला, दिवसातून दोनदा, एक दिवसाआड. जिना चढून त्रास होत नाही, उतरून होतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जाता जाता वजन पेलत असतात आणि सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते चांगलेच ठणकतात. लिफ्ट असेल तर सुरुवातीला उतरायला ती वापरायला काहीच हरकत नाही.

दुसरा तुकडा: खुर्ची आणि ओटा

कामाची चाकांची खुर्ची यासाठी घ्यायची नाही, ती मागे सरकते आणि माणूस जमिनीवर आपटतो. जेवणाच्या टेबलाची चार पायांची खुर्ची घ्या आणि तिची पाठ भिंतीला टेकवा. प्लास्टिकची खुर्चीही फरशीवर सरकते, तिलाही भिंतीचा आधार हवाच.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. पावलं कमरेच्या रुंदीएवढी लांब ठेवा आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. हाताची घडी छातीवर. आता नाक पायाच्या बोटांच्या वर येईल एवढं पुढे झुका, टाचा जमिनीत रोवा आणि उभे राहा. वर आल्यावर अर्धवट वाकलेले राहू नका, कंबर पूर्ण सरळ होऊ द्या. मग मनात एक-दोन-तीन मोजत खाली या. खुर्चीला स्पर्श झाला की लगेच परत वर. शेवटच्या चार बोटांचं अंतर धप्पकन बसून संपवलं की सगळी मेहनत खुर्चीला जाते, म्हणून तिथेच लक्ष ठेवा. उठताना श्वास सोडायचा, रोखून धरायचा नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब क्षणभर एकदम चढतो.

किती वेळा करायचं याचा आकडा मी ठरवून देत नाही. अजून फार तर दोनच जमतील असं वाटलं की थांबायचं. बहुतेक नवख्यांना ही जागा आठ ते बारा उठाबशांच्या आसपास सापडते. वीस झाल्या तरी मांडीला काही जाणवत नसेल तर आकडा वाढवण्यापेक्षा काम अवघड करा. आधी खाली येताना पाच मोजा. तेही सोपं झालं की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरा. त्यानंतर थोडी बुटकी खुर्ची किंवा पक्कं स्टूल घ्या. तिन्ही गोष्टी एकदम करू नका, दुखलं तर कशामुळे ते कळणार नाही.

या हालचालीत गुडघा दुखत असेल तर दोन गोष्टी तपासा. उठताना गुडघे एकमेकांकडे आत वळतात का? वळत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने ठेवा. आणि खुर्ची फार बुटकी आहे का? तसं असेल तर बसायच्या जागी घडी घातलेली सतरंजी ठेवून उंची वाढवा. तरीही दुखलं तर हातांनी मांडीला आधार देऊन उठा, त्यात कमीपणा नाही.

हात, छाती आणि खांद्यांसाठी स्वयंपाकाचा ओटा. गॅसपासून लांबचा कोपरा निवडा आणि आधी तो कोरडा पुसून घ्या, ओल्या ग्रॅनाइटवरून हात सटकतो. ओट्याच्या काठावर खांद्यांपेक्षा जरा जास्त रुंद हात ठेवा आणि दोन पावलं मागे जा, म्हणजे डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत तिरकं होईल. कोपरं वाकवत छाती काठाजवळ न्या, मग ढकलून परत. कंबर खाली लोंबत असेल तर पोट आवळा. ओटा अवघड वाटला तर भिंतीपासून सुरुवात करा, भिंत सोपी. मनगट दुखत असेल तर तळवा सपाट ठेवण्याऐवजी काठ मुठीत धरा. सहा ते दहा वेळा पुरे.

पाठ राहिली. कॉलेजची सॅक घेऊन तिच्यात पुस्तकं किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घाला. एक हात टेबलावर टेकवून कमरेत वाका, पाठ सरळ, दुसऱ्या हाताने सॅक पोटाकडे ओढा. प्रत्येक बाजूला दहा. दिवसभर स्क्रीनकडे झुकलेल्या खांद्यांना हे ओढण्याचं काम एरवी मिळतच नाही.

तिसरा तुकडा: जेवणानंतरची शतपावली

हा आपल्याकडे जुनाच आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. दुपारी भात-पोळी खाल्ल्यावर रक्तातली साखर साधारण तासाभरात सगळ्यात वर जाते. स्नायू चालू असले की ते ती साखर उचलतात आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनचा तितका आधार लागत नाही. म्हणून जेवण झाल्यावर दहा मिनिटं घरातल्या घरात, गॅलरीत किंवा सोसायटीच्या आवारात सहज चालायचं. वेग नको, गप्पा मारता आल्या पाहिजेत. पोट भरलेलं असताना जिना नको, त्याला निदान दीड तास जाऊ द्या.

दहा मिनिटं सलग मिळत नसतील तर अर्ध्या-अर्ध्या तासाने पाच-पाच मिनिटं चाला. कोलंबिया विद्यापीठाने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या प्रयोगात दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं सावकाश चालणाऱ्यांची जेवणानंतरची साखर दिवसभर बसून राहण्याच्या तुलनेत बरीच कमी चढली होती. नोकरी करताना इतकं काटेकोर जमत नाही. पण जेवणानंतरच्या दोन तासांत दोनदा उठलात तरी योग्य वेळी उठलात. ज्या कॉलमध्ये नुसतं ऐकायचं असतं तो दुपारी दोनला असेल, तर हेडफोन लावून हॉल ते बेडरूम चालत ऐका.

कधी करायचं हे आधी ठरवा

खरी अडचण व्यायामाची नाही, आठवण राहण्याची आहे. बहुतेक जण फोनवर दर तासाचा गजर लावतात. गजर वाजतो तेव्हा नेमका कॉल चालू असतो, तो बंद केला जातो आणि आठवडाभरात कान त्याला सरावतात. त्यापेक्षा रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीच्या शेपटाला तुकडा बांधा. सकाळची टीम मीटिंग संपली की जिना. चहाचं आधण ठेवलं की उकळी येईपर्यंत खुर्ची. कुकर चढवला की पहिल्या शिट्टीपर्यंत ओटा. ताट उचलून ठेवलं की शतपावली. लॅपटॉप मिटला की शेवटचा जिना.

त्यासाठी एक दिवस नुसतं बघा. कागद जवळ ठेवा आणि कामातून उठता तेव्हा वेळ आणि कारण लिहा: बेल वाजली, पाणी प्यायला, मुलगा शाळेतून आला, कुरिअर. संध्याकाळी त्या यादीत रोज जवळपास त्याच वेळी येणाऱ्या चार-पाच गोष्टी सापडतात. त्यातल्या तीनच निवडा. ज्या गोष्टीची वेळ रोज वेगळी असते ती चालेल, पण जी कधी होते आणि कधी होत नाही ती नको.

एक आठवडा प्रत्यक्षात

माझी वहिनी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही, तळापासून तिच्या दारापर्यंत ५४ पायऱ्या. वय एक्केचाळीस, विम्याचे दावे तपासायचं काम साडेनऊ ते साडेसहा, घरात सासूबाई आणि आठवीतला मुलगा. बाळंतपणात तिला मधुमेह झाला होता, तो नंतर गेला. पण अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो आणि डॉक्टरांनी चालत राहायला सांगितलं होतं. तिच्याकडे अर्धा तास सलग कधीच नसतो. तिने जे बसवलं ते असं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार जिना. साडेदहाची मीटिंग अकराला संपते, तेव्हा ती ओल्या कचऱ्याची बादली घेऊन सावकाश खाली जाते आणि परत येताना भरभर चढते. दुसरी फेरी चारच्या चहाआधी, तिसरी लॅपटॉप मिटल्यावर कोथिंबीर-दूध आणायला गेली की परत येताना, पिशवी हलकी असेल तरच. हातात जड पिशवी असेल त्या दिवशी तिसरी फेरी तेवढ्यावरच, भरभर नाही. चढायला तिला पाऊण मिनिटाच्या आसपास लागतं. जाऊन येऊन, पाणी पिऊन, परत खुर्चीत बसेपर्यंत चार मिनिटं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार ताकद. सकाळी अकराचा चहा उकळेपर्यंत खुर्चीच्या उठाबशा, दुपारी भाताचा कुकर लावला की ओटा, चारच्या चहाला परत खुर्ची, आणि मुलाची सॅक रिकामी झाली की तीच घेऊन पाठीचा व्यायाम. दुपारची शतपावली रोज, गॅलरीच्या या टोकापासून दाराच्या त्या टोकापर्यंत. रात्री जेवणानंतर सासूबाईंना घेऊन खाली आवारात. सासूबाई हळू चालतात आणि त्या वेळी तेवढाच वेग हवा असतो.

तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा उजवा गुडघा दुखायला लागला. “ताई, चढताना काही नाही गं, उतरताना वाटीच्या खाली टोचतं,” असं तिचं म्हणणं. पाहिलं तर ती उतरताना घाईत होती, कारण खालून वर येणं हाच तिला व्यायाम वाटत होता. उतरताना कठडा धरून प्रत्येक पायरीवर पाऊल पूर्ण टेकवायचं आणि दोन आठवडे दिवसातून तीनऐवजी दोनच फेऱ्या करायच्या असं ठरवलं. तिसऱ्या फेरीच्या जागी घरात गुडघे उचलत चालणं. खुर्चीवर सतरंजी घातली. दुखणं ओसरल्यावर तिसरी फेरी परत सुरू झाली.

स्नायूचं दुखणं आणि सांध्याचं दुखणं यात फरक करायला शिका. मांडी दोन्ही बाजूंना सारखी, पसरट ठणकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते आणि चौथ्या दिवशी जाते. ते चालेल, त्या दिवसांत शतपावली तेवढी करा. पण दुखणं एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं असेल, सांधा सुजलेला किंवा गरम असेल, सकाळी उठल्यावर आदल्या दिवसापेक्षा वाईट असेल, तर फेऱ्या कमी करा. आठवडाभरात फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

वाढवायचं कसं आणि कुठे अडतं

पहिले दोन आठवडे एक मजला आणि दिवसातून दोन तुकडे, बस्स. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन मजले, तीन तुकडे. पाचव्या आठवड्यापासून तीन मजले. एखादा तुकडा चुकला तर तो पुढच्यात घालून दुप्पट करू नका. सकाळपासून मीटिंगवर मीटिंग आल्या आणि तीनपैकी एकच झाला, तर तो एक झाला. संध्याकाळी सहा मजले चढून वसुली करायला गेलं की गुडघा बिघडतो. सर्दी-ताप असेल तेव्हा जिना बंद. उपासाच्या दिवशी शतपावली चालेल, जिना नको.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते सोप्या तुकड्यावरच राहिल्यामुळे. तीन महिने झाले तरी त्याच दहा उठाबशा, त्याच वेगाने. शरीर त्या कामाला सरावलेलं असतं आणि पुढे काही वाढत नाही. शेवटच्या दोन अवघड गेल्या का, नंबर म्हणताना श्वास घ्यावा लागला का, हे दोन प्रश्न दर सोमवारी स्वतःला विचारायचे. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर थोडं वाढवायचं.

या पद्धतीच्या मर्यादाही माहीत असाव्यात. प्रौढांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वहिनीचा जिना धरला तर आठवड्याला नऊ फेऱ्या, म्हणजे खरी दमछाक जेमतेम सात मिनिटांचीच. सावकाश शतपावली मध्यम व्यायामात धरता येत नाही. ताकदीचे दोन दिवस मात्र नीट भरतात. म्हणजे काहीच न करणाऱ्यासाठी ही सुरुवात चांगली आहे, पण १५० मिनिटांचा हिशेब पुरा होत नाही. शनिवार-रविवारी अर्धा-पाऊण तास भरभर चालायला गेलात तर बरीच भर पडते. वजन उतरवण्यासाठीही एवढ्यावर विसंबू नका. पाऊण मिनिटाच्या जिन्यात जेवढी ऊर्जा जळते ती एका पारले बिस्किटातही भरून निघते.

सहा आठवड्यांनी मोजा

वजनकाटा बाजूला ठेवा, दोन साध्या मोजण्या करा. पहिल्या दिवशी आणि सहा आठवड्यांनी, दोन्ही वेळा सकाळच्या त्याच वेळी. एक, भिंतीला टेकवलेल्या त्याच खुर्चीवरून हाताची घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. घरातल्या कुणाला तरी घड्याळ धरायला सांगा, स्वतः मोजताना आकडा चुकतो. दोन, तीच मजलेसंख्या त्याच वेगाने चढा आणि दम जागेवर यायला किती मिनिटं लागली ते बघा. पहिल्या दिवशी तीन मजले जमणार नसतील तर एकाच मजल्यावर मोजा आणि सहा आठवड्यांनीही त्याच एका मजल्यावर.

उठाबशा दोन-तीनने वाढल्या आणि दम लवकर बसला तर आणखी एक मजला किंवा तांदळाची पिशवी जोडा. आकडे जागेवरच असतील तर आधी वही काढून बघा, आठवड्यात खरोखर किती तुकडे झाले. सहा-सातपेक्षा कमी झाले असतील तर व्यायाम बदलू नका, ज्या गोष्टीला तो बांधला आहे ती बदला. सकाळची मीटिंग रोज लांबत असेल तर जिना चहाला बांधा आणि पुढचे सहा आठवडे तसेच चालवून परत मोजा.